केस कापडावरच वाचतात: हिरव्या पडद्यासमोरचं शूटिंग आणि क्रोमा, पहिल्यापासून

आर्वी तालुक्यातल्या एका गावात आम्ही कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर एक व्हिडिओ केला. बोलणाऱ्या वहिनी स्वतः कपाशी घेतात. त्यांच्या मागे आधी पात्या-फुलांवरची कपाशी, मग हिरवी बोंडं, मग फुटलेला कापूस असं तीन वेगवेगळ्या महिन्यांतलं शेत दिसायला हवं होतं. एवढ्यासाठी तीन वेळा वहिनींना शेतात उभं करणं शक्य नव्हतं. म्हणून शेत वेगळं शूट केलं आणि वहिनी शाळेच्या खोलीत हिरव्या कापडासमोर बोलल्या.

पहिल्या दिवशीचं सगळं शूटिंग वाया गेलं. चेहरा छान, आवाज छान, पण केस कात्रीने कापल्यासारखे दिसत होते आणि उरलेल्या बटांना शेवाळ धरल्यासारखी हिरवी कड होती. मी दोन रात्री सॉफ्टवेअरमध्ये घालवल्या, तरी ते केस परत आले नाहीत. चूक सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच, कापडावरच्या उजेडात होती. नव्याने शिकणाऱ्याला हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

सॉफ्टवेअर केसाकडे कसं बघतं

व्हिडिओच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, 0 ते 255 मधले. क्रोमा काढणारं, म्हणजे हिरवं कापड गायब करून त्या जागी दुसरं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर, अगदी साध्या रूपात, एकच प्रश्न विचारतं: इथे हिरवा हा बाकीच्या दोघांतल्या मोठ्यापेक्षा किती जास्त आहे? आमच्या कापडाच्या मध्यभागी लाल 55, हिरवा 165, निळा 65 असे आकडे होते. म्हणजे हिरवा 100 ने जास्त. हे 100 म्हणजे ‘पूर्ण कापड’, इथे मागचं शेत पूर्ण दिसू द्यायचं. चेहऱ्यावर लाल जास्त असतो, हिरव्याची आघाडी शून्य, म्हणून चेहरा पूर्ण ठेवायचा.

केसाची बट या दोहोंच्या मधली असते. एक केस एका ठिपक्यापेक्षा बारीक असतो, त्यामुळे त्या ठिपक्यात थोडा केस आणि थोडं कापड मिसळून येतं. तीस टक्के काळा केस आणि सत्तर टक्के कापड असलेला ठिपका घ्या. त्याचे आकडे साधारण 48, 124, 53 येतात. हिरव्याची आघाडी 71. शंभरातून 71 म्हणजे एवढं कापड, उरलेला 29 केस. हिशेब जवळपास बरोबर आला, सॉफ्टवेअर तो ठिपका 29 टक्के ठेवतं आणि बट मऊ दिसते.

आता कापडाच्या खालच्या कोपऱ्यात जाऊ. पहिल्या दिवशी तिथे उजेड कमी पडला होता. आकडे होते 35, 105, 40, आघाडी फक्त 65. तिथे केस नाही, माणूस नाही, नुसतं कापड आहे. पण सॉफ्टवेअर मध्यभागाच्या शंभराशी तुलना करतं आणि म्हणतं, इथे 35 टक्के काहीतरी आहे. म्हणून कोपऱ्यात शेतावर मळकट धुकं दिसतं. ते घालवायला आपण काय करतो? पट्टी ओढून सांगतो, 35 टक्क्यांच्या खालचं सगळं काही नाही असं धर. धुकं जातं. आणि त्याच क्षणी मघाची ती 29 टक्क्यांची बटही जाते, कारण तीही 35 च्या खालीच आहे.

कोपऱ्यातला अंधार पुसताना केस पुसले जातात, ते असे. केसांच्या मागे कापड कितीही छान असो, दूरच्या कोपऱ्यातला अंधार केसांचं नुकसान करू शकतो. हे एकदा समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या कशासाठी आहेत ते आपोआप कळतं.

कापड

चमक नसलेलं, घट्ट विणीचं कापड घ्या. मंडपवाल्याकडचं हिरवं कापड फुकट मिळतं, पण ते चमकतं, आणि चमकलेल्या जागी हिरवा रंग जाऊन पांढरा डाग येतो. शेडनेटची आठवण इकडे सगळ्यांना होते. ते वापरू नका, त्याला भोकं असतात आणि रंग काळपट असतो. पोपटी म्हणजे पिवळसर हिरवा टाळा, कारण पिवळ्यात लाल असतो आणि आपली ती आघाडी कमी होते. तालुक्याच्या कापड दुकानात ठाणातलं सुती कापड बघा, उन्हात धरून बघा, आणि मोबाईलने फोटो काढून त्यात ते भडक हिरवं दिसतं का ते बघा. डोळ्यांना काय दिसतं त्यापेक्षा कॅमेऱ्याला काय दिसतं ते महत्त्वाचं.

आम्ही 8 बाय 8 फुटांचं शिवून घेतलं. शिवण उभी घेतली, आणि ती बोलणाऱ्याच्या मागे झाकली जाईल अशी मधोमध ठेवली. वर नेफा करून त्यात बांबू घातला, बाजूंना दोरीचे चिमटे, खाली दुसरा बांबू वजनाला. सुरकुत्या काढायला आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून ताणून ठेवलं. हलकी सुरकुती चालते. सावली पडणारी घडी चालत नाही, तो छोटा अंधारा कोपराच असतो.

उजेड: आधी कापड, मग माणूस

खिडक्या बंद करा, त्यावर काळं कापड किंवा दुहेरी बारदाना टाका. टिनाचं छत असेल तर वर बघा. खिळ्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा तासाभरात कापडभर फिरतो आणि पहिला टेक व शेवटचा टेक वेगळे होतात. आम्ही शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातनंतर शूट केलं, त्याने हा प्रश्न मिटला.

कापडासाठी साध्या एलईडी ट्यूब चालतात, त्या महागड्या असण्याची गरज नाही. आम्ही 4 फुटी, 20 वॅटच्या चार घेतल्या, सगळ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच रंगाच्या. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, उभ्या, एकावर एक, म्हणजे 8 फुटांची उंची भरून निघते. त्या कापडापासून 4 फूट पुढे आणि कडेपासून दीड फूट बाहेर ठेवल्या.

महत्त्वाची गोष्ट त्यांच्या तोंडाच्या दिशेची आहे. डावीकडची ट्यूब कापडाच्या डाव्या भागाकडे वळवायची इच्छा होते. तसं केलं की दोन्ही कडा भडक आणि मध्य मंद होतो. डावीची ट्यूब उजव्या अर्ध्याकडे वळवा, उजवीची डाव्याकडे. जवळच्या भागाला तसाही उजेड मिळतोच, लांबच्या भागाला मुद्दाम द्यावा लागतो. पहिल्या दिवशी आम्ही दोन्ही बाजूंना एकेकच ट्यूब, तीही वरच्या अर्ध्यात लावली होती, म्हणून खालचे कोपरे अंधारात गेले होते.

ट्यूबच्या आणि बोलणाऱ्याच्या मध्ये काळ्या पुठ्ठ्याची पट्टी उभी करा. नाहीतर तोच उजेड माणसाच्या पाठीवर आणि कानावर येतो.

आता मोजा. मोबाईलवर उजेड मोजायचं लक्स मीटरचं अ‍ॅप मिळतं. त्याचा आकडा अचूक नसतो, पण एकाच मोबाईलने, एकाच पद्धतीने कापडाला टेकवून बाहेर तोंड करून मोजलं तर तुलना विश्वासार्ह असते. मध्य, चार कोपरे, आणि डोकं जिथे येणार त्याच्या दोन्ही बाजू, अशा सात जागा मोजा. पहिल्या दिवशी आमचं मध्यभागी 500 आणि खालच्या कोपऱ्यात 190 होतं. दुसऱ्या दिवशी मध्य 500, सगळ्यात कमी कोपरा 420. मी एवढंच धरतो की कोणतीही जागा मध्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा खाली जाऊ नये. 420 वर कोपऱ्यातली हिरव्याची आघाडी 92 च्या आसपास येते, म्हणजे पुसायचं धुकं फक्त आठ टक्के राहतं. आठच्या खालचं पुसलं तर 29 टक्क्यांची बट वाचते.

अ‍ॅप नसेल तर कॅमेऱ्याचं एक्सपोजर हळूहळू कमी करत जा आणि स्क्रीनकडे बघा. जो भाग सगळ्यांच्या आधी काळा पडतो तिथे उजेड कमी आहे. ही युक्ती मी अजूनही आधी वापरतो.

एलईडी लुकलुकते का तेही आत्ताच बघा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात आणि मंद होतात. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये ट्यूबचा व्हिडिओ काढा, पट्ट्या किंवा धडधड दिसली तर ती ट्यूब बदला. कॅमेऱ्यात 25 फ्रेम आणि शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, हे दोन्ही त्या शंभराच्या लयीत बसतात.

सात फूट

केसांवरची हिरवी झाक दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक म्हणजे मघाशी बघितलेली, बारीक केसातून मागचं कापड दिसणं. ती चूक नाही, ती तशीच असणार, तिचा हिशेब सॉफ्टवेअर करतं. दुसरी म्हणजे कापडावरून उसळलेला हिरवा उजेड केसांवर, कानाच्या पाळीवर, खांद्यावर पडणं. ही खरी झाक आणि ही शूटिंगलाच थांबवायची.

पहिला उपाय अंतर. बोलणारा कापडापासून निदान 6 फूट, जमलं तर 8 ते 10 फूट पुढे. आमची खोली 20 फूट लांब होती. कापड भिंतीपासून फूटभर पुढे, वहिनी कापडापासून 7 फुटांवर, कॅमेरा वहिनींपासून 10 फुटांवर. एकूण 18, मागे मला उभं राहायला 2 फूट.

कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा होता, 18-55 ची लेन्स 50 वर ठेवली. ही लेन्सची गोष्ट लक्षात घ्या. लांबून, झूम करून घेतलं तर मागे लागणारं कापड कमी होतं. मोबाईलच्या नेहमीच्या रुंद लेन्सने हीच चौकट घ्यायला कॅमेरा खूप जवळ न्यावा लागतो आणि मग 8 फुटी कापड पुरत नाही, बाजूच्या भिंती दिसतात. मोबाईलच वापरायचा असेल तर ज्यात खरी टेलिफोटो लेन्स आहे असा बघा. नसेल तर बोलणाऱ्याच्या आणि त्याच्या हातांच्या मागे कापड आहे एवढं सांभाळा, बाकीची भिंत नंतर हाताने कापता येते.

दुसरा उपाय लोक विसरतात: जेवढं हिरवं चौकटीत लागतं तेवढंच उघडं ठेवा. चौकटीबाहेरचं हिरवं कापड चित्रात काहीच कामाचं नसतं, पण झाक मात्र टाकत असतं. आम्ही खालचा दीड फूट काळ्या चादरीने झाकला. जमिनीवर हिरवं कापड तर अजिबात नको, पूर्ण पाय दाखवायचे नसतील तर.

तिसरा उपाय मागचा दिवा. बोलणाऱ्याच्या मागून, वरून, थोडा बाजूने एक छोटा दिवा केसांवर आणि खांद्यावर. तो पांढरा किंवा किंचित पिवळसर असावा. काळ्या केसांवर पडलेली हिरवी झाक त्याच्या उजेडात बुडते. काही जण मागच्या दिव्यावर गुलाबी-जांभळा कागद लावायला सांगतात, हिरवा मारायला. मी तो लावत नाही. सॉफ्टवेअर नंतर हिरवा कमी करतंच, आणि मग कडा जांभळ्या होतात, त्या काढणं आणखी अवघड.

चेहऱ्यासाठी एक मोठा मऊ दिवा, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूने आणि वरून. इथे मात्र दिव्याच्या रंगाचा दर्जा बघा, पाकिटावर सीआरआय 90 च्या वर असावा, नाहीतर सावळी कातडी मेणचट दिसते. बाजू डावी का, तर शेतातला जो शॉट मागे लावायचा होता त्यात ऊन डावीकडून होतं. शेत आधी शूट करा आणि दिवे त्याप्रमाणे लावा. उलट करायला गेलात तर शेतात सूर्य हलवता येत नाही.

तेल, चुडा आणि पंखा

केसांना भरपूर तेल असेल तर प्रत्येक बट आरशासारखी होते आणि कापडाचा हिरवा थेट दाखवते. पहिल्या दिवशी वहिनी शूटिंग आहे म्हणून मुद्दाम चापूनचोपून तेल लावून आल्या होत्या. दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी केस धुवायला सांगितले आणि सकाळी अगदी थोडं तेल हाताला लावून उडणाऱ्या केसांवरून फिरवलं. केस पूर्ण कोरडेही नकोत, कारण मग ते भुरभुर उडतात. सैल वेणी पुढे खांद्यावर घेतली तर सगळ्यात सोपं. गजऱ्यात हिरवी पानं असतील तर ती काढा.

मग वहिनींनी हात पुढे केला.

“भाऊ, हा हिरवा चुडा काढा लागते का?”

“नाही वहिनी, राहू द्या. ते माझं काम.”

काढायला सांगू नका. आपल्याकडे हिरवा चुडा असा सहज उतरवायला सांगायची गोष्ट नाही, आणि गरजही नाही. मनगटाभोवती सॉफ्टवेअरमध्ये आकार काढून ‘हा भाग कापू नको’ असं सांगता येतं, त्याची पद्धत पुढे देतो. त्यासाठी वहिनींना एवढंच सांगितलं की हात छातीसमोर ठेवून बोला, बाजूला हवेत नेऊ नका. बांगड्या पदरासमोर राहिल्या तर आकार ढोबळ चालतो, कापडासमोर गेल्या तर फ्रेमगणिक नेमका आकार काढत बसावं लागतं. साडीच पोपटी किंवा हिरव्या काठांची असेल तर मात्र निळं कापड लावा. निळ्याला उजेड जास्त लागतो आणि चित्रात दाणे लवकर येतात, पण काळे केस निळ्यासमोरही चांगले निघतात.

आणि पंखा. विदर्भात खोली बंद करून, पाच-सहा दिवे लावून पंखा बंद करायचा म्हणजे काय हे सांगायला नको. वहिनी म्हणाल्याच, “पंखा काहून बंद केला बापा, जीव चालला.” पण पंख्याने कापड हलतं, त्यावरची सावली हलते, आणि केस सतत उडतात. कूलरचा तर आवाजही येतो. आम्ही दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले आणि मध्ये पंखा लावला. घाम टिपायला टॉवेल जवळ ठेवा, कारण घामाने चमकणारं कपाळ आणि मान तेलकट केसांसारखाच हिरवा पकडतात.

कॅमेऱ्यात काय ठरवायचं

एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवून कुलूप लावा. वहिनींनी हात हलवला आणि कॅमेऱ्याने आपणहून उजेड बदलला तर कापडाचा रंग मध्येच बदलतो. मोबाईलवर Blackmagic Camera हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात हे सगळं हाताने करता येतं. ब्युटी आणि एचडीआर बंद. शार्पनिंग शक्य तितकं कमी करा, कारण ते प्रत्येक बटेभोवती एक खोटी कड ओढतं, आणि ती पुढे कापता येत नाही. आयएसओ उजेड पुरेल तितका कमी, आम्ही 800 वर होतो, शटर 1/50.

चित्र 4K मध्ये घ्या, व्हिडिओ 1080 मध्येच द्यायचा असला तरी. साध्या कॅमेऱ्यात आणि मोबाईलमध्ये चार ठिपक्यांमिळून रंगाची एकच नोंद ठेवली जाते, उजेडाची मात्र चारही. क्रोमा रंगावर चालतो, म्हणजे आपल्या कामासाठी चित्र निम्म्याच बारकाईचं असतं. 4K घेऊन लहान केलं की ती बारकाई परत मिळते.

बोलणारा येण्याआधी, दिवे लावल्यावर, नुसत्या रिकाम्या कापडाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ घ्या. तिपाई नंतर हलवू नका. हा रिकामा शॉट पुढे कामी येतो.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. ती दाबली जाते आणि केसांच्या जागी चौकोनी डाग येतात. केबलने किंवा पेनड्राइव्हने न्या.

क्रोमा काढणं

मी DaVinci Resolve ची फुकट आवृत्ती वापरतो. त्यातल्या Fusion पानावर DeltaKeyer नावाचा नोड आहे. वहिनींचा शॉट त्याला जोडा, त्याचा निकाल Merge च्या पुढच्या थराला, आणि शेताचा शॉट मागच्या थराला. DeltaKeyer च्या Clean Plate जोडणीत तो रिकाम्या कापडाचा शॉट द्या. मग सॉफ्टवेअर सगळीकडे एकाच शंभराशी तुलना न करता प्रत्येक जागेची तुलना त्याच जागेच्या कापडाशी करतं. उरलेला आठ टक्के फरकही त्यामुळे बराच मिटतो. पण अंधारा कोपरा याने पूर्ण सुधारत नाही, तिथे दाणे जास्त असतात आणि ते तुलना बिघडवतात.

आता थेंबाच्या खुणेने केसांजवळचा हिरवा निवडा, कोपऱ्यातला नाही. मग मॅट काळा-पांढरा करून बघा. मॅट म्हणजे जे ठेवायचं ते पांढरं आणि जे काढायचं ते काळं दाखवणारं चित्र. केसांच्या कडेला करड्या रंगाच्या बारीक रेघा दिसायला हव्यात. Threshold ची खालची बाजू जराशीच वर घ्या, पार्श्वभूमी काळी होईपर्यंत, आणि करड्या रेघा पुसायला लागल्या की थांबा, मागे या. चेहऱ्यात किंवा साडीत करडी भोकं दिसत असतील तर वरची बाजू खाली आणून ती बुजवण्याचा मोह होईल. तसं केलं की केसांच्या कडा पांढऱ्या, जाड होतात. त्याऐवजी दोन मॅट करा.

पहिला मॅट केसांसाठी मऊ, जसा आहे तसा. दुसऱ्यासाठी अंगाच्या आतल्या बाजूने, कडेपासून थोडं आत, Polygon ने आकार काढा: चेहरा, धड, आणि हो, मनगटावरचा चुडा. हा आकार DeltaKeyer च्या Solid Matte जोडणीत द्या. याच्या आत काय हिरवं आहे ते सॉफ्टवेअर बघत नाही, ते पूर्ण ठेवतं. तसाच एक आकार बाहेरून काढून Garbage Matte मध्ये द्या, म्हणजे ट्यूबचे स्टँड, भिंत, कोपरे, सगळं एका फटक्यात जातं. मग सॉफ्टवेअरला खरं काम उरतं ते फक्त कडेच्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि केस तिथेच असतात.

पुढे हिरवी झाक. झाक काढायचा नियम साधा आहे: हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. मघाच्या 48, 124, 53 या ठिपक्यात सरासरी साधारण 50, मग तो 48, 50, 53 होतो, काळसर करडा. हिरवा गेला, पण उजेडही गेला. म्हणून जास्त जोर दिला की केसांभोवती काळपट कड येते. DeltaKeyer मध्ये या जोराच्या पायऱ्या आहेत, Rare, Medium, Well Done, Burnt. मी Rare पासून सुरू करतो आणि Medium च्या पुढे जावं लागलं तर समजतो की शूटिंगला काहीतरी चुकलं. कड काळपट वाटली तर Replace Mode मध्ये Soft Color निवडून मागच्या शेताच्या जवळचा, फिका मातकट रंग द्या.

जोर जास्त झाला हे कातडीवरूनही कळतं. गाल गुलाबी-जांभळे दिसू लागले तर मागे या.

तपासणी, आणि मागे काय ठेवायचं

थांबलेल्या फ्रेमवर विश्वास ठेवू नका. मागे एकदा साधा करडा, एकदा भडक लाल रंग लावा आणि व्हिडिओ चालवून बघा. लालवर हिरवी कड लगेच ओरडते. केसांची कड उकळत्या पाण्यासारखी वळवळत असेल तर ते चित्रातले दाणे आहेत. Threshold कडक करून ते जात नाहीत, उलट वाढतात. मऊ मॅटला अगदी किंचित ब्लर द्या.

मागचं शेत निवडताना डोक्यामागे आकाश येऊ देऊ नका. काळ्या केसांमागे पांढरं आकाश आलं की प्रत्येक चूक उघडी पडते. आम्ही शेतातला कॅमेरा वहिनींच्या छातीच्या उंचीवर, पण जरा कपाशीकडे झुकवून ठेवला होता, त्यामुळे डोक्यामागे झाडं आणि लांबचा बांध आला. हिरव्या पिकासमोर थोडी उरलेली हिरवी कड डोळ्याला खटकतही नाही. फुटलेल्या पांढऱ्या कापसाचा शॉट मात्र अवघड गेला. तिथे मागचं चित्र थोडं धूसर आणि पाव भागाने गडद केलं, आणि त्या एकाच तुकड्यात झाकेचा जोर Medium वर न्यावा लागला.

तरीही सहा मिनिटांत दोन जागा सुटल्या. एकदा वहिनींनी झटकन मान वळवली आणि वेणीचं टोक शटरच्या धूसरपणात हिरवं राहिलं. दुसऱ्या जागी चुडा पदराबाहेर, कापडासमोर गेला. वेणीच्या त्या पंधरा-सोळा फ्रेमवर बोंडअळीचा जवळून घेतलेला शॉट टाकला. चुड्यासाठी Polygon फ्रेम-फ्रेम हलवून बसवला, त्याला पाऊण तास गेला.